चौथीच्या पालकांसाठी: दर आठवड्याचं शब्दकोडं आणि ते घरी कसं सोडवायचं

नमस्कार पालकहो,

या सत्रापासून मराठीच्या गृहपाठात दर शुक्रवारी एक शब्दकोडं येईल. पाच आडव्या आणि पाच उभ्या घरांचा चौकोन, त्यात काही घरं काळी, आणि आठ ते दहा शब्द. कागद मंगळवारी परत द्यायचा आहे. हा गृहपाठ मुलांनी एकट्यानं संपवावा अशी माझी अपेक्षा नाही. त्यातला एक भाग एकट्यानं करायचा आहे आणि एक भाग घरच्यांबरोबर. घरच्यांनी नेमकं काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. थोडं लांब आहे, पण पहिलं कोडं उघडायच्या आधी एकदा वाचाच.

एका घरात एक अक्षर म्हणजे काय

मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती इथे. शब्द माहीत असतो, पण घरांत बसत नाही. मग "आपलं उत्तर चुकलं" असं वाटून मूल बरोबर शब्द खोडून टाकतं. म्हणून मोजायचा नियम आधी पक्का करू.

एका घरात एक पूर्ण अक्षर येतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग हे सगळं त्या अक्षराबरोबर त्याच घरात राहतं. जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी त्याला एकच घर. म्हणजे 'पुस्तक' हा शब्द पु, स्त, क असा तीन घरांत बसतो. 'विद्यार्थी'सुद्धा तीनच घरांत: वि, द्या, र्थी. 'स्वातंत्र्य' लिहायला इतका मोठा दिसतो, पण त्यालाही तीनच घरं लागतात: स्वा, तं, त्र्य. 'चंद्र'ला दोन आणि 'दुःख'ला दोन. सुटा स्वर मात्र स्वतःचं घर घेतो. 'आई'ला दोन घरं, 'पाऊस'ला तीन.

रफाराकडे विशेष लक्ष द्या. 'सूर्य' म्हणताना र आधी ऐकू येतो, म्हणून मुलं सू, र, य अशी तीन घरं भरतात. तो र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे घरं दोनच: सू, र्य.

घरी एक गोष्ट कृपया करू नका, ती म्हणजे टाळ्या वाजवून अक्षरं मोजणं. लहान वर्गात आम्हीच मुलांना टाळ्यांचा खेळ शिकवतो, म्हणून ही सवय घरोघरी असते. पण मराठी बोलताना आपण शब्दातला अ बरेचदा गिळतो. 'कमळ' हा शब्द तोंडातून 'क-मळ' असा निघतो, त्यामुळे टाळ्या दोन पडतात आणि घरं लागतात तीन. 'पुस्तक'चंही तसंच, 'पुस्-तक' म्हणून दोन टाळ्या. मोजायचं असेल तर मुलाला शब्द कागदाच्या कडेला लिहायला सांगा आणि प्रत्येक अक्षरानंतर एक उभी रेघ मारायला सांगा. रेघांमध्ये जितकी अक्षरं सुटी झाली तितकी घरं.

एक कोडं सोडवून पाहू

नमुन्यासाठी अगदी छोटं कोडं घेते, तीन घरं आडवी आणि तीन उभी. मधलं घर काळं आहे. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या घरात बारीक 1 लिहिलाय, उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात 2 आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात 3. ज्या घरात आकडा आहे तिथून शब्द सुरू होतो. 1 वरून एक शब्द आडवा जातो आणि एक उभा.

आडवे शब्द
1. पानं आहेत, पण झाड नाही.
3. सोसाट्याचा वारा, ढग, पाऊस. मोठी झाडंही उन्मळून पडतात, असं हे.

उभे शब्द
1. चोरी कोणी केली हे सिद्ध करायला हा लागतो.
2. चिखलात उगवतं, पण चिखल अंगाला लागू देत नाही.

समजा, मूल पहिली सूचना वाचतं आणि "वही!" म्हणतं. उत्तर सूचनेला शोभतं, म्हणून "चूक" म्हणू नका. "किती घरं आहेत?" एवढंच विचारा. तीन. 'वही'ची दोन होतात. मग कोणी 'ग्रंथ' सुचवेल, त्याचीही ग्रं आणि थ अशी दोनच. तीन घरांचं म्हटल्यावर 'पुस्तक' सापडतं.

आता 2 उभा. पहिलं घर आधीच भरलंय, कारण 'पुस्तक'चं शेवटचं अक्षर त्या घरात आहे. आजी ऐकत बसली असेल तर म्हणेल, "पंकज!" अर्थ अगदी बरोबर आहे, घरंही तीनच. पण नातू म्हणेल, "आजी, पहिलं अक्षर क आलंय." मग 'कमळ'. या एका शब्दापायी मुलाला कमळाचं दुसरं नाव कळलं, म्हणून 'पंकज' वाया गेला नाही. तो कागदाच्या कडेला लिहून ठेवायचा.

3 आडवा पाहू. मूल 'वावटळ' म्हणेल, ती चार घरांची. कोणी 'तुफान' म्हणेल, त्याची तीन होतात आणि अर्थही जुळतो. पण उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात 'कमळ'चा ळ येऊन बसलाय. तीन घरं आणि शेवटी ळ, म्हणजे 'वादळ'.

राहिला 1 उभा. वर पु आहे आणि खाली 'वादळ'चा वा. पु, काहीतरी, वा. सूचनेत "हा लागतो" आहे, म्हणजे शब्द पुल्लिंगी. 'साक्ष' ही स्त्रीलिंगी आणि दोन घरांची, ती गेली. 'दाखला' पुल्लिंगी आणि तीन घरांचा, पण तो पु-नं सुरू होत नाही. 'पुरावा' बसतो.

भरलेलं कोडं असं दिसतं:

| | | |
|---|---|---|
| पु | स्त | क |
| रा | ■ | म |
| वा | द | ळ |

सूचनेतले हा, ही, हे आणि क्रियापदाची रूपं मी मुद्दाम घालते. "लागतो", "लागते", "उगवतं" यांतून शब्दाचं लिंग कळतं आणि निम्मे पर्याय गळतात. सूचना अनेकवचनात असेल तर उत्तरही अनेकवचनात. क्रियापदाच्या सूचनेत "करणे", "जाणे" असं रूप असेल तर उत्तरही णे-नं संपेल. हे सगळं मुलांना वर्गात सांगितलंय, पण कोड्यात बुडालं की विसरायला होतं. तुम्ही "सूचना परत मोठ्यानं वाच" एवढं म्हटलंत तरी बहुतेक वेळा काम होतं.

दोन शब्द भांडायला लागले की

जिथे आडवा आणि उभा शब्द एकमेकांना छेदतात, तिथे दोघांचं अक्षर काना-मात्रेसकट सारखं हवं. हा गृहपाठ मी निवडला तो याच कारणासाठी. वरच्या कोड्यात एखाद्यानं 'पूरावा' असं दीर्घ ऊकारानं लिहिलं, तर 'पुस्तक' आडवं येतं. मूल स्वतःच थांबतं: दोघांपैकी एक चुकलंय, कोणतं? लाल पेनानं काढलेली खूण मुलाच्या जितकी लक्षात राहते, त्यापेक्षा असा स्वतः शोधलेला ऱ्हस्व-दीर्घ पक्का बसतो.

अशा वेळी मुलं घाईनं दोन्ही शब्द खोडतात. त्याऐवजी मी एक सवय लावते आहे. ज्या शब्दाची पूर्ण खात्री आहे त्याच्या सूचनेपुढे बारीक टिंब द्यायचं. भांडण लागलं की टिंब नसलेला शब्द आधी तपासायचा. दोन्हींना टिंब असेल तर दोन्ही शब्द कोशात पाहायचे.

घरी हमखास वाद होतील अशा दोन जागा सांगून ठेवते. पहिली, शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार. मराठीत बहुतेक शब्दांच्या शेवटी ते दीर्घ लिहितात: पाणी, वही, कवी, गुरू, वासरू. 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांसारखी अव्ययं मात्र ऱ्हस्व राहतात. जुन्या पुस्तकांत 'कवि' आणि 'गुरु' दिसतात आणि आजोबांनी ते तसेच शिकलेले असतात. त्यांच्या काळच्या पद्धतीनं ते बरोबरच होतं. कोड्यात मात्र आजच्या पाठ्यपुस्तकातलं लेखन धरायचं.

दुसरी जागा थोडी फसवी आहे. 'फूल', 'मूल', 'गरीब' यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ आहे. पण पुढे प्रत्यय लागला की तेच अक्षर ऱ्हस्व होतं: फुलात, मुलाला, गरिबाचा. मुलं ही रूपं रोज लिहितात, म्हणून कोड्यातही 'फुल' लिहून बसतात. अशा वेळी विचारा, "शब्द एकटा आहे की त्याला काही लागलंय?" कोड्यात मी नामं नेहमी एकटी, मूळ रूपात घेते. 'मंदिर', 'मधुर', 'गुण' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. ते त्यांच्या मूळ लेखनाप्रमाणेच राहतात, म्हणून शंका आली की कोश उघडा.

आणखी एक. बोलताना आपण 'केळं', 'घरटं', 'पाखरं' म्हणतो. या पत्रातही मी तसंच लिहिलंय. कोड्यात मात्र लेखी रूप धरलंय: केळे, घरटे, पाखरे. घरांची संख्या दोन्हींत सारखीच असते, पण शेवटच्या घरातून दुसरा शब्द जात असेल तर ळं आणि ळे यांत कोडं अडकतं. सगळं बरोबर असून एकच कोपरा जुळत नसेल, तर पहिल्यांदा हे तपासा.

शुक्रवार ते मंगळवार

पहिली बैठक मुलाची एकट्याची असावी, शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी, पंधरा ते वीस मिनिटांची. पेन्सिलनं, हलक्या हातानं. क्रमानं जायची सक्ती नाही. सगळ्या सूचना एकदा वाचून जे शब्द लगेच सुचतात ते आधी भरायचे, मग त्यांना छेदणारे. या बैठकीत तुम्ही शेजारी बसला नाहीत तरच बरं. आठपैकी तीनच शब्द आले तरी ठीक आहे. तिथेच थांबू द्या आणि कागद बाजूला ठेवा. रात्रभरात बरेचदा एखादा शब्द आपोआप आठवतो.

दुसरी बैठक घरच्यांची. रविवारी सगळे निवांत असतील तेव्हा. मूल सूचना मोठ्यानं वाचेल आणि बाकीचे ऐकतील. कागद मुलाच्याच हातात राहू द्या, कारण कागद मोठ्यांकडे गेला की कोडं मोठ्यांचं होतं. मुलानं घरांची संख्या आणि आलेली अक्षरं सांगायची: "चार घरं, दुसरं अक्षर ठ." घरच्यांनी उत्तर ओरडायचं नाही, ही या खेळातली एकमेव कडक अट. मोठी भावंडं असतील तर त्यांना हे आधीच बजावून ठेवा.

मग मदत कशी करायची? पायरीपायरीनं. आधी सूचना परत वाचायला सांगा आणि "हा की ही?" विचारा. तेवढ्यानं नाही झालं तर तो शब्द येईल असं वाक्य, शब्दाची जागा मोकळी सोडून म्हणा. 'पुरावा' हवा असेल तर "नुसतं म्हणून चालत नाही, काहीतरी ... दाखव." तरीही नाही आलं तर पहिलं अक्षर सांगा. सगळ्यात शेवटी कोश. कोश पाहताना बाराखडीचा क्रम मुलाला स्वतः लावू द्या. काही कोशांत क्ष आणि ज्ञ शेवटी असतात, तर काहींत क्ष हा क-मध्ये आणि ज्ञ हा ज-मध्ये सापडतो. तेवढं मात्र तुम्ही आधी पाहून ठेवा, नाहीतर 'क्षितिज' शोधताना मूल उगाच हिरमुसतं.

मदतीनं आलेला शब्द निळ्या पेनानं लिहायचा, स्वतःचा पेन्सिलचाच राहू द्यायचा. या निळ्या शब्दांचे गुण कापले जात नाहीत. कोड्याला गुणच नाहीत. निळ्या शब्दांवरून मला कळतं की वर्गात कोणते शब्द पुन्हा घ्यायला हवेत. सगळा कागद पेन्सिलनं भरलेला आला आणि वर्गात विचारल्यावर मुलाला निम्मे शब्दच माहीत नसले, तर मला काहीच हाती लागत नाही. म्हणून एवढा प्रामाणिकपणा नक्की पाळा. एखादं घर रिकामं राहिलं तर राहू द्या.

दर कागदाच्या उजव्या कडेला एक पट्टी मोकळी सोडली आहे. तिच्यावर "आमच्या घरचे शब्द" असं लिहिलंय. कोड्यात न बसलेले, पण अर्थ जुळणारे शब्द तिथे टिपायचे. वरच्या उदाहरणातले 'पंकज', 'वावटळ', 'तुफान' तिथे गेले असते. तुमच्या घरच्या बोलीत एखाद्या वस्तूला वेगळंच नाव असेल, आजी-आजोबा तेच वापरत असतील, तर तेही लिहा. ते शब्द पाठ्यपुस्तकात नसले तरी मराठीच आहेत. मंगळवारी आम्ही पाच-सहा जणांच्या पट्ट्या वर्गात मोठ्यानं वाचणार आहोत.

घरात मराठी बोलली जात नसेल तर काय करायचं, असं काही पालक विचारतात. तुम्ही शब्द सुचवला नाहीत तरी चालेल. मुलाला सूचनेचा अर्थ तुमच्या भाषेत तुम्हाला समजावून सांगायला लावा. सांगता सांगता सूचना त्यालाच नीट उलगडते. आणि तुमच्या भाषेतला तोच शब्द पट्टीवर लिहा, देवनागरीत.

सोमवारचं काम: आपली सूचना, आपलं कोडं

तिसरा भाग दहा मिनिटांचा आहे. कोड्यातला एक शब्द निवडून मुलानं त्याची स्वतःची सूचना लिहायची. अट एकच, शब्द किंवा त्याचं कुठलंही रूप सूचनेत यायला नको. "कमळाचं फूल" ही 'कमळ'ची सूचना होत नाही. सूचना घरात कोणाला तरी ऐकवा. ऐकणाऱ्याला दुसराच शब्द सुचला, तर सूचना कुठे सैल पडली ते मुलालाच विचारा.

ज्यांना आणखी हौस आहे त्यांनी वरच्यासारखं चार शब्दांचं रिंगण बनवून पाहावं. पद्धत अशी. एकाच अक्षरानं सुरू होणारे, तीन अक्षरांचे दोन शब्द घ्या. एक वरच्या ओळीत आडवा आणि एक डाव्या बाजूला उभा. आपण 'पुस्तक' आणि 'पुरावा' घेतले. त्यांची शेवटची अक्षरं क आणि वा. आता कागदावर दोन याद्या करा: क-नं सुरू होणारे तीन अक्षरी शब्द आणि वा-नं सुरू होणारे. कपाट, कळप, कमळ, कविता... वासरू, वाटाणा, वादळ, वाघीण... दोन्ही याद्यांत शेवटचं अक्षर सारखं असलेली जोडी सापडली की रिंगण पूर्ण. याद्या करायला घरातले सगळे बसतात आणि इथे आजी-आजोबा भराभर शब्द काढतात.

एक धोका आहे. ळ आणि ण यांनी सुरू होणारे शब्द मराठीत जवळजवळ नाहीतच. म्हणून वरचा किंवा डावीकडचा शब्द ळ किंवा ण-नं संपला, तर पुढे वाट बंद. 'कपाळ' वर घेतलंत तर उजवा शब्द ळ-नं सुरू करावा लागेल आणि तुम्ही तिथेच अडकाल. असे शब्द उजवीकडे किंवा खाली ठेवा, जसे आपले 'कमळ' आणि 'वादळ' आहेत. शेवटच्या कोपऱ्यात ळ आला तर काहीच बिघडत नाही. काना, मात्रा आणि वेलांटीही विसरू नका: क-नं संपलेल्या शब्दानंतर क-नंच सुरू होणारा शब्द हवा, का किंवा की चालणार नाही.

पहिल्या शुक्रवारच्या आधी सराव म्हणून हे रिंगण घरी सोडवा. घरांची मांडणी वरच्यासारखीच आहे, मधलं घर काळं. उत्तरं देत नाही, कारण चारही कोपऱ्यांतली अक्षरं दोन्ही शब्दांत तंतोतंत जुळली तर तुमचं बरोबर आहे.

आडवे शब्द
1. कर्णाला जन्मतःच मिळालेलं, अंगात बाण शिरू न देणारं.
3. रात्रीच्या आकाशात लुकलुकते. ('चांदणी' म्हणाल, तर कोपरा तपासा.)

उभे शब्द
1. ओळी तोडून लिहितात, तालात म्हणतात, अशी ही.
2. तापलेल्या भांड्याला बोट लागलं की हा बसतो.